पारा तीनवर असताना

रागाचा थर्मामीटर पुष्कळ घरांत हौसेने भिंतीवर लागतो आणि आठवडाभरात फाटतो. फाडणारं मूलच असतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा त्याचं फारसं चुकलेलं नसतं. बहिणीला गुद्दा घालून, शिरा ताणून ते ओरडत असतं, नेमकं तेव्हा कुणीतरी त्याला दंडाला धरून त्या कागदापुढे उभं करतं आणि विचारतं, "सांग बघू, आत्ता तुझा पारा किती?" शाळेतल्या समुपदेशक बाईंनी समजावून दिलेला तो कागद मुलाच्या लेखी त्या क्षणापासून शिक्षेचा भाग होतो. मग तो टिकणार कसा?

हे साधन ऐन रागासाठी नाहीच. राग शिगेला पोचण्याआधीच्या ज्या दोन-तीन पायऱ्या असतात, त्या ओळखण्यासाठी ते आहे. पाच पायऱ्यांची पट्टी असेल तर सगळं काम दोन आणि तीनवर होतं. चारवर थोडंफार जमतं. पाचवर मुलाला काहीही विचारू नये. एवढं एक पथ्य पाळलं तर पट्टी उपयोगाची, नाहीतर भिंतीवरचं चित्र.

मनातली भावना अंकात सांगायची ही कल्पना मुलांसाठी निघालेली नव्हती. १९५६ साली रिचर्ड वॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लष्करातल्या छत्रीधारी शिकाऊ सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंच मनोऱ्यावरून सरावाची उडी मारण्यापूर्वी किती भीती वाटते, हे त्या जवानांनी थर्मामीटरच्या चित्रावर खूण करून सांगायचं होतं. पुढे जोसेफ वोल्पी यांनी भीती आणि अस्वस्थतेवरच्या उपचारांत शून्य ते शंभर अशी मोजपट्टी रुळवली. मुलांपर्यंत ती नंतर आली. कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांच्या आईबाप आणि लहान मुलांसाठीच्या कार्यक्रमात शांत होण्याचा थर्मामीटर आहे. कॅरी डन ब्युरॉन आणि मिट्झी कर्टिस यांची पाच अंकांची पट्टी २००३ साली पुस्तकरूपात आली. ती विशेषकरून स्वमग्न मुलांसाठी होती, आणि आज आपल्याकडच्या शाळांत जे तक्ते दिसतात त्यांतले बरेचसे याच घराण्यातले आहेत.

पट्टीकडे वळण्याआधी वयाचा मुद्दा सांगायला हवा. कॅनडातल्या रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांच्या मारकुटेपणाचा वर्षानुवर्षं माग काढला. त्यांना दिसलं ते असं, की मारणं, ढकलणं, चावणं सर्वांत जास्त असतं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान. नंतर बहुतेक मुलांत ते उतरत जातं. म्हणजे मारायला कुणी शिकवावं लागत नाही. न मारता काम कसं भागवायचं हे मात्र शिकावं लागतं, आणि त्याला काही वर्षं लागतात. म्हणून अडीच वर्षांच्या मुलापुढे थर्मामीटर धरण्यात अर्थ नाही. त्याला उचलून बाजूला न्यावं, हात धरावा, "मारायचं नाही" एवढंच म्हणावं. चार-पाच वर्षांच्या मुलाला हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग पुरतात. सहा-सात वर्षांपासून पाच पायऱ्या झेपतात. दहाची पट्टी आठ-नऊ वर्षांच्या पुढे, आणि तीसुद्धा मुलाला आकड्यांची आवड असेल तरच.

आता समजा, एक बंडू आहे. सात वर्षांचा, दुसरीत. त्याला चार वर्षांची धाकटी बहीण आहे, तिला चिमी म्हणू. डाव हरला की बंडू सोंगट्या उधळतो, चिमीला मारतो, आईवर ओरडतो. शाळेतूनही एकदा वहीत शेरा आलेला आहे. त्याची आई पट्टी बनवायला लगेच बसत नाही. आधी आठवडाभर एका वहीत चार रकाने भरते. कधी घडलं, त्याच्या आधी काय झालं, बंडूने काय केलं, आणि त्यानंतर काय झालं. शेवटचा रकाना बहुतेक लोक गाळतात, आणि सगळ्यात बोलका असतो तोच.

आठवड्याने वही पाहिली तर बहुतेक भडके संध्याकाळी साडेसहा ते आठच्या मध्ये. शाळेतून आल्यावर चार बिस्किटं आणि मग थेट रात्रीचं जेवण, असा त्याचा क्रम. निमित्तं तीनच, पुन्हा पुन्हा तीच: गृहपाठात खोडायला लागलं, चिमीने ठोकळ्यांना हात लावला, खेळात हार झाली. चौथ्या रकान्यात काय? वही भिरकावल्यावर "राहू दे, उद्या कर" असं बाबा म्हणाले. चिमीला मारल्यावर चिमीलाच आजीकडे पाठवलं आणि ठोकळे सगळे बंडूला मिळाले. ओरडलं की नको ते टळतं आणि हवं ते मिळतं, हा हिशेब बंडूने मुद्दाम मांडलेला नाही, तो आपोआप बसला आहे. ओरेगनमधले गेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून हेच टिपलं होतं. मूल आवाज चढवतं, मोठे माघार घेतात, क्षणभर शांतता मिळते म्हणून मोठ्यांनाही माघार घेण्याची सवय लागते, आणि पुढच्या वेळी मूल थोडं वरूनच सुरुवात करतं. हा चौथा रकाना बदलला नाही तर थर्मामीटर कितीही सुंदर रंगवा, काही फरक पडणार नाही.

म्हणून पहिले दोन बदल पट्टीशिवायचे. साडेपाचला पोटभर खाणं: पोहे, धिरडं, पोळीचा लाडू, काहीही, पण बिस्किटं नव्हेत. आणि गृहपाठ टाकायचा नाही, लहान करायचा. दहा ओळींऐवजी आत्ता तीन, मग पाच मिनिटं हुंदडणं, मग पुन्हा तीन. हा दुसरा बदल सुरू केला की पहिले काही दिवस आरडाओरडा वाढतो, कारण पूर्वी चालणारी युक्ती चालेनाशी झाली की माणूस ती आधी जोर लावून पाहतो. इथे बरेच आईबाप "उलट बिघडलंच" म्हणून सोडून देतात. तो वाढलेला गोंधळ काही दिवस निभावला तर तो उतरतो. मध्येच हार मानली तर मूल शिकतं, की आणखी थोडं ताणायला हवं होतं.

पट्टी बनवायची रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, कुणीही चिडलेलं नसताना. जाड कार्डशीटची साधारण फूटभर उंच, वीतभर रुंद उभी पट्टी, पाच चौकटी, आणि सरकवायला कपडे वाळत घालायचा चिमटा. रंग बंडूने निवडायचे. नावंही त्यानेच ठेवायची. छापील तक्त्यावरचं 'संतप्त' हे त्याचं नव्हे. आधी दोन टोकं भरायची. सगळ्यात खाली, एकवर, 'गार'. सगळ्यात वर, पाचवर, त्याने सुचवलं 'फुटलो'. या दोन टोकांच्या आठवणी सहज निघतात. मधल्या तीन चौकटींना वेळ लागतो, कारण बंडूच्या अनुभवात मधलं काही नसतंच. तो म्हणतो, "मी गार होतो आणि मग एकदम फुटलो." मोठी माणसंही असंच सांगतात म्हणा.

एकदम काही झालेलं नसतं. शरीर आधीपासून सांगत असतं. पट्टीच्या डाव्या बाजूला हेच लिहायचं. आईने आठवडाभर पाहिलेलं असतं, की भडक्याच्या मिनिटभर आधी बंडू बोलायचा थांबतो, नाकाने जोरात श्वास घेतो, पेन्सिल मुठीत धरतो. बंडूला विचारलं तर तो वेगळंच सांगतो: "कान गरम होतात." दोन्ही घ्यायचं. त्याच्या पट्टीवर दोनला 'कुरकुर', खूण म्हणजे गप्प होतो. तीनला 'कान तापले', खूण कान आणि श्वास. चारला 'मुठी', खूण उघडच. एखाद्या मुलाच्या पोटात गोळा येतो, एखादं दात आवळतं, एखाद्याचे पाय हलू लागतात. दुसऱ्या मुलाची पट्टी उसनी घेऊन चालत नाही ती यामुळेच.

उजव्या बाजूला प्रत्येक पायरीवर काय करायचं ते, आणि प्रत्येकी एकच गोष्ट. दोनवर: "मदत हवीय" असं म्हणायचं. तीनवर: लिंबू पिळायचं (त्याबद्दल पुढे सांगतो). चारवर: बाल्कनीजवळच्या सतरंजीवर जायचं, तिथे कुणी मागे यायचं नाही. पाचची चौकट कोरी. पाचवर बंडूने काही करायचं नसतं, मोठ्यांनी करायचं असतं, आणि ते पट्टीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवावं: चिमीला उचलून दुसऱ्या खोलीत न्या, हातातली वस्तू काढून घ्या, बोलू नका, वाट पाहा.

वाट पाहण्याला कारण आहे. मायकल पोटेगल यांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या तांडवांचा बारकाईने अभ्यास केला. राग लवकर चढतो, लवकर टोक गाठतो आणि उतरतो, रडू आणि दुःख मात्र शेवटपर्यंत रेंगाळतं, आणि बहुतेक प्रकार पाच मिनिटांत आटोपतात, असं त्यांना आढळलं. टोकावर असताना दिलेलं व्याख्यान, विचारलेला प्रश्न, "माझ्याकडे बघ" हा हुकूम, ही सगळी चढीत भर घालतात. गुद्दे थांबून रडणं सुरू झालं की मूल जवळ येऊ देतं. आकडा विचारायचाच असेल तर त्याच्याही नंतर, पाणी पिऊन झाल्यावर: "मघाशी ठोकळे पडले तेव्हा किती होता रे?" त्यानंतर भरपाई. ओठांवरची "सॉरी" नको. चिमीचा मनोरा पुन्हा रचून द्यायचा, तिच्या हाताला बर्फ लावायचा.

पट्टी लागल्यावर पहिले दोन आठवडे ती रागासाठी वापरायचीच नाही. दिवसातून दोनदा, सकाळी दूध पिताना आणि रात्री अंथरुणावर, सगळ्यांनी आपापला चिमटा लावायचा. बाबांनीही. "आज बस चुकली तेव्हा मी तीनवर होतो, माझी मान ताठ झाली. मग एक थांबा चालत गेलो, दोनवर आलो." यातून दोन गोष्टी साधतात. मोठ्यांचाही पारा चढतो आणि उतरतो, हे मुलाला दिसतं. आणि पट्टी बंडूच्या अपराधांची नोंदवही राहत नाही. ज्या घरी एकट्या मुलाचाच चिमटा असतो, तिथे भावंडं "बंडूचा पारा बघा" म्हणून चिडवायला लागतात. 'चिडका बिब्बा' म्हणत फेर धरणाऱ्यांना तेवढं निमित्त पुरे.

तिसऱ्या आठवड्यापासून मोठ्यांनी हळूच हाक द्यायची, पण प्रश्न म्हणून नाही, अंदाज म्हणून. "श्वास जोरात चाललाय. तीन असेल का?" मूल म्हणेल, "नाही, दोनच!" उत्तम. वाद घालू नये. त्याने स्वतःकडे वळून पाहिलं एवढं पुष्कळ झालं.

आता खेळ. पारा किती ते कळलं, पण तो उतरवायचा कसा हे हातात बसलेलं नसेल तर मूल तीनवरून निमूट पाचवर जातं. सवय बसते ती शांत असताना, पुन्हा पुन्हा, हसत खेळत. मुलाची खूण जिथे आहे तिथला खेळ त्याला द्यावा. बंडूच्या मुठी वळतात म्हणून त्याला लिंबू. आर्लीन कोपेन या समुपदेशिकेने १९७४ साली मुलांना अंग सैल सोडायला शिकवण्यासाठी काही कल्पनाचित्रं सुचवली होती, त्यांतलं हे एक. डाव्या मुठीत लिंबू आहे असं समजायचं, सगळा रस निघेपर्यंत पिळायचं, मनात पाच मोजायचे, मग एकदम टाकून द्यायचं आणि हात किती हलका झाला ते पाहायचं. मग उजवी मूठ. त्याच यादीत नाकावर बसलेली माशी आहे, हात न लावता फक्त चेहरा आक्रसून हाकलायची. ही माशी मुलांना फार आवडते. नेम असतो आवळण्यातला आणि सैल सोडण्यातला फरक कळण्यावर. घाईत मुलं पिळतात आणि सोडायचं विसरतात, म्हणून "टाक" हा शब्द मोठ्याने म्हणायचा.

ज्याचा श्वास आधी चढतो त्याला साबणाचे फुगे द्या. जोरात फुंकलं तर फुगा फुटतो किंवा पन्नास बारके बुडबुडे उडतात. मोठा फुगा हवा असेल तर सावकाश, लांब उच्छ्वास सोडावा लागतो. उच्छ्वास लांबवला की छातीची धडधड उतरते, आणि "खोल श्वास घे" या सूचनेने जे होत नाही ते इथे फुगाच करून घेतो. "खोल श्वास घे" म्हटलं की मुलं खांदे वर ओढून भस्सकन हवा भरतात आणि आणखी तापतात. फुग्यांवर हात बसला की बाटली बाजूला ठेवून नुसतं बोट पुढे धरायचं आणि "मोठा फुगा" म्हणायचं.

कासवाचा खेळ सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत जास्त अर्धवट खेळला जाणारा. मार्लीन श्नायडर आणि आर्थर रॉबिन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांसाठी तो बांधला. सारखं भांडणात सापडणारं छोटं कासव, त्याला कवचात शिरायचा सल्ला देणारं म्हातारं कासव, अशी गोष्ट. आपल्या आज्यांना ती परकी वाटायचं कारण नाही. अवयव आत ओढून घेणारं कासव गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगताना आलेलंच आहे, आणि देवळात गाभाऱ्यासमोर नातवंडं ते पाहतातच. खेळ असा: "कासव" म्हटलं की हात अंगाशी, हनुवटी छातीला, डोळे मिटलेले. अंग आवळायचं, सोडायचं, दोन-तीन श्वास. आणि मग बाहेर येण्याआधी ठरवायचं, की आता काय करू? मागू, बदली देऊ, थांबू, की कुणाला सांगू? ही शेवटची पायरी तक्त्यांवर बहुधा नसते. ती नसेल तर मूल कवचातून बाहेर येतं आणि समोर तेच ठोकळे, तीच चिमी. पुन्हा गुद्दा.

थांबण्याचा सराव देणारा आपल्या घरचा खेळ म्हणजे 'शिवाजी म्हणतो'. "शिवाजी म्हणतो, बसा" म्हटलं तर बसायचं, नुसतं "बसा" म्हटलं तर हलायचं नाही. हात निघालेला असताना तो आवरायचा, याचाच तो व्यायाम. दोन-चार दिवसांत तो सोपा होतो, मग नियम उलटवायचे: "बसा" म्हटलं की उठायचं, टाळी वाजली की चालायचं. ओरेगनमधल्या शॉना टॉमिनी आणि मेगन मॅक्लेलंड यांनी बालवाडीत अशाच थांबा-चला खेळांचा प्रयोग केला आणि २०११ साली प्रसिद्ध केला. सुरुवातीला ज्यांना स्वतःला आवरणं कमी जमत होतं अशा मुलांत त्यांना फायदा दिसला. पण 'शिवाजी म्हणतो'मध्ये पटाईत झालेला मुलगा म्हणून चिमीला मारायचा थांबेल, असं मात्र मुळीच नाही. तिथे राग नसतो. म्हणून एक खेळ असा लागतो, ज्यात राग थोडासा, मोजून मापून, खरोखर येतो.

बंडूसाठी तो खेळ सापशिडी. नेहमीचा शंभर घरांचा पट नको. वहीच्या पानावर तीस घरं, तीन साप, दोन शिड्या, डाव सात-आठ मिनिटांत संपला पाहिजे. वेळ सकाळची, जेवणाआधीची नव्हे. चिमी आजीकडे. नियम एकच जादा: साप चावला की सोंगटी खाली नेण्याआधी आपला आकडा सांगायचा. सांगितला की एक चिंचोका मिळतो. आकडा कितीही असो, चिंचोका सांगण्याबद्दल आहे, शांत राहण्याबद्दल नाही. हा फरक फार नाजूक आहे. शांत राहण्याबद्दल बक्षीस दिलं तर मूल तीनला एक म्हणायला शिकतं.

पहिल्या दिवशी सापाने आईला गिळायला हवं. ती मुद्दाम जोराने म्हणते, "अगं बाई, सत्तावीसवरून थेट चारवर! माझे दात आवळले गेले. तीन. थांब, एक लिंबू पिळते." पिळते, टाकते, "आता दोन," म्हणून फासा देते. बंडू हसतो. दुसऱ्या डावात त्याला साप चावतो. तो म्हणतो "पाच!" आणि हसतो, म्हणजे पाच नाहीच. आई काही बोलत नाही, चिंचोका देते. तिसऱ्या दिवशी जिंकता जिंकता अठ्ठावीसवरचा साप. बंडू गप्प होतो. नाकातून श्वास. हीच ती जागा. आई आकडा मागत नाही, स्वतःची डावी मूठ पुढे करून पिळायला लागते. तो क्षणभर बघतो, मूठ वळतो, "टाक" म्हणून उघडतो. "तीन होता," तो म्हणतो. चिंचोका. डाव तिथेच थांबवला तरी चालेल, आणि थांबवावाच. चांगला गेलेला सराव लांबवला की बिघडतो. पुढच्या आठवड्यात चाळीस घरं, मग बाबांबरोबर, मग चिमी शेजारी बसलेली असताना, सरतेशेवटी चिमीबरोबर. चिमीकडून हरणं ही सर्वांत वरची इयत्ता, तिथे पोचायला महिना-दीड महिना लागला तरी घाई करू नये.

इथे एक जुना सल्ला निकालात काढायला हवा: राग आला की उशीला मार, पंचिंग बॅग बडव, रद्दी फाड. ऐकायला पटतो, पण उलटा पडतो. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली सहाशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्याने डिवचलं त्याचा विचार करत बॅगेला ठोसे मारणारे नंतर अधिक चिडलेले होते, नुसते गप्प बसलेले कमी. सोफी केर्विक आणि बुशमन यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यास, म्हणजे दहा हजारांहून अधिक माणसं, एकत्र तपासले. धडधड कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो आणि धडधड वाढवणाऱ्यांनी एकूणात उतरत नाही, असं त्यांना दिसलं. उशीला मारणारं मूल रागात हात उगारायचा सराव करत असतं. लिंबू वेगळं का? तिथे कुणावर नेम नसतो, आणि शेवट सैल हाताने होतो.

बिघाड ओळखण्याच्या काही खुणा आहेत. मूल नेहमी एक नाहीतर पाचच सांगत असेल तर मधल्या पायऱ्या शिकवायच्या राहिल्या आहेत. पट्टीवर परत जा, दुसऱ्यांच्या गोष्टींवर सराव करा: गोष्टीतल्या कोल्ह्याची द्राक्षं हुकली तेव्हा तो कितीवर असेल? गृहपाठ काढला की लगेच "चार!" असं येत असेल, तर तो आकडा सुट्टीचा पास झाला आहे. सतरंजीवर पाठवा, पण पाच मिनिटांनी त्याच तीन ओळी समोर. आणि आईबापच "चढला का पारा?" असं टोमण्याने म्हणत असतील तर पट्टी काही दिवस काढून ठेवलेली बरी.

प्रगती मोजताना मुलाला राग येतो की नाही हे पाहू नये, तो येणारच. वहीत तीन गोष्टी लिहा: आठवड्यात हात किती वेळा उठला, भडका किती मिनिटं चालला, आणि किती वेळा मुलाने स्वतःहून आकडा सांगितला. बहुधा आधी तिसरी वाढते, मग दुसरी कमी होते, पहिली सर्वांत शेवटी. बंडू खेळ उधळतो पण चिमीला मारत नाही, हे यश आहे. ओरडून "मी चारवर आहे!" म्हणतो, हेसुद्धा.

दोन-तीन महिने नीट करूनही वही हलत नसेल तर कारण रागाच्या आतलं असू शकतं. नीट ऐकू न येणं, बोलायला उशीर, रात्री घोरणं आणि अपुरी झोप, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता, स्वमग्नता, काळजीचा विकार, यांतलं काहीही मारकुटेपणाच्या रूपात दिसतं, आणि थर्मामीटर त्यावर औषध नाही. काही ठिकाणी तर दोन महिनेही थांबू नये. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतं, प्राण्यांना त्रास देतं, किंवा चांगलं वागणारं मूल अचानक बदलतं. अचानक बदललेल्या मुलाला कुणी छळतंय का, शाळेत, बसमध्ये किंवा घरातच, हे आधी शोधावं. घरात मोठेच एकमेकांवर हात उचलत असतील तर भिंतीवरची पट्टी मुलासाठी लावण्यात काही हशील नाही.

पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची घ्या, आणि जाताना ती चार रकान्यांची वही बरोबर न्या, डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. घरून सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलाच्या छळाचा संशय असेल तर १०९८.